एकक सुधारलं तरी उत्तर चुकतं: स्प्रिंगच्या एका गणिताची वही तपासताना

प्रश्न: सर, मी जुळे सोलापुरात घरी अकरावीच्या सात-आठ मुलांची फिजिक्सची शिकवणी घेते. एका मुलाने हे न्यूमेरिकल सोडवलं: गुळगुळीत आडव्या पृष्ठभागावर स्प्रिंग ५ सेंमी दाबून तिच्यासमोर २०० ग्रॅमचा ठोकळा ठेवला आणि स्प्रिंग सोडली. स्प्रिंगचा स्थिरांक ८०० न्यूटन प्रति मीटर. ठोकळा किती वेगाने सुटेल? स्प्रिंग संपते तिथून पुढे पृष्ठभाग खडबडीत आहे, घर्षणांक ०.२, तर ठोकळा किती अंतर जाऊन थांबेल? g = १० घ्यायचा. त्याचं उत्तर आलं ४४.७ मी/से आणि ५०० मीटर. मी सेंटीमीटरची चूक दाखवली, त्याने सुधारली, तरी ४.४७ मी/से आणि ५ मीटर येतं. उत्तरसूचीत ३.१६ आणि २.५ आहे. आता एककं बरोबर, आकडेमोड बरोबर. मग चूक कुठे राहिली, आणि माझ्या नजरेतून ती का सुटली? त्याची वही जशीच्या तशी देते:

```
m = 200 g = 0.2 kg, k = 800 N/m, x = 5 cm
F = kx = 800 × 0.05 = 40 N
a = F/m = 40/0.2 = 200
v² = u² + 2as = 0 + 2 × 200 × 5 = 2000
v = 44.7 m/s
f = μmg, a = μg = 0.2 × 10 = 2
0 = 2000 + 2 × 2 × s
s = 500 m
```

उत्तर: ताई, चूक चौथ्या ओळीतच आहे, पण ५ या आकड्यात नाही. ती त्या ओळीतल्या सूत्रात आहे. `v² = u² + 2as` हे सूत्र त्वरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं असेल तेव्हाच चालतं. स्प्रिंग ठोकळ्याला ढकलत असते तेव्हा त्वरण सारखं नसतंच. सातव्या ओळीत हेच सूत्र पुन्हा आलंय आणि तिथे मात्र ते बरोबर आहे, कारण आडव्या पृष्ठभागावर सरकताना घर्षणाचं बल बदलत नाही. एकाच वहीत, तीन ओळींच्या अंतराने, तेच सूत्र एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. म्हणून ते नजरेतून सुटतं. सूत्र ओळखीचं असतं, आकडे नीट भरलेले असतात आणि आपला डोळा पुढे सरकतो.

मुलाच्या डोक्यात काय झालं असेल ते आधी पाहू. त्याने `F = kx` वरून ४० न्यूटन काढलं. ते बरोबर आहे, पण ते फक्त सुटण्याच्या पहिल्या क्षणाचं बल आहे. ठोकळा १ सेंमी पुढे गेला की स्प्रिंग ४ सेंमीच दाबलेली उरते आणि बल ३२ न्यूटन होतं. अडीच सेंमीवर ते २० होतं. स्प्रिंग मूळ लांबीवर आली की बल शून्य होतं आणि ठोकळा तिच्यापासून सुटतो. मुलाने मात्र ४० न्यूटनचा जोर पूर्ण ५ सेंमीभर तसाच धरला.

हे मुलांना सांगून पटत नाही, हाताला कळावं लागतं. मी वर्गात गलोल आणायचो. रबर पूर्ण ताणल्यावर बोटांना किती ओढ लागते आणि अर्धं सोडल्यावर किती, हे प्रत्येकाने करून पाहायचं. दुसरी वस्तू म्हणजे भंगारवाल्याकडे असतो तो आकड्याचा स्प्रिंगकाटा. त्यावरच्या खुणा सारख्या अंतरावर असतात. एक किलोला स्प्रिंग जेवढी ताणली, तेवढीच पुढच्या किलोला आणखी ताणते. म्हणजे बल ताणाच्या प्रमाणात वाढतं, आणि सोडताना त्याच प्रमाणात कमी होतं. ज्या मुलाने तो काटा नीट पाहिला, त्याला `F = kx` मधला x हा बदलता आकडा आहे हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आता कागदावर आलेख काढा. आडव्या अक्षावर ठोकळ्याने कापलेलं अंतर, उभ्या अक्षावर बल. ४० पासून सुरू होऊन ५ सेंमीवर शून्याला टेकणारी तिरपी रेषा मिळेल. तिच्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे स्प्रिंगने केलेलं कार्य. तो त्रिकोण आहे: अर्धा गुणिले ४० न्यूटन गुणिले ०.०५ मीटर, म्हणजे १ ज्यूल. मुलाने नकळत आयत घेतला: ४० गुणिले ०.०५, म्हणजे २ ज्यूल. त्याची सगळी चूक त्या त्रिकोणाच्या आणि आयताच्या फरकात आहे. त्याची कार्याची किंमत दुप्पट झाली, म्हणून v² दुप्पट झाला. १० च्या जागी २० आले आणि वेग ३.१६ च्या जागी ४.४७. पुढचं अंतर v² च्या प्रमाणात असतं, म्हणून तेही नेमकं दुप्पट, २.५ च्या जागी ५ मीटर. तुम्हाला दिसलेले दोन्ही फरक एकाच चुकीतून आले आहेत.

बरोबर मांडणी अशी:

```
x = 0.05 m, m = 0.2 kg
½kx² = ½mv²
½ × 800 × (0.05)² = 1 J
½ × 0.2 × v² = 1  →  v² = 10,  v = 3.16 m/s
```

यात पृष्ठभाग गुळगुळीत आहे आणि स्प्रिंगचं स्वतःचं वस्तुमान नगण्य धरलंय, म्हणून स्प्रिंगची सगळी ऊर्जा ठोकळ्याला मिळते. हे वाक्य मुलाच्या वहीत शब्दांत असायला हवं. त्याशिवाय दुसरी ओळ कुठून आली याला आधार राहत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. एककं तपासूनही चूक का दिसली नाही? कारण एकक-तपासणीला ही चूक दिसूच शकत नाही. बरोबर उत्तराचं सूत्र आहे `v = x√(k/m)`. k चं एकक न्यूटन प्रति मीटर. न्यूटन म्हणजे किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद वर्ग. त्याला मीटरने आणि मग किलोग्रॅमने भागलं की उरतं १ भागिले सेकंद वर्ग. त्याचं वर्गमूळ १ भागिले सेकंद, आणि x च्या मीटरने गुणलं की मीटर प्रति सेकंद. छान जुळलं. मुलाच्या पद्धतीने येणारं सूत्र आहे `v = x√(2k/m)`. त्यात वाढीव आहे तो फक्त २, आणि २ ला एकक नसतं. त्यामुळे तेही तितकंच छान जुळतं. एककं जुळली नाहीत तर उत्तर नक्की चुकीचं, पण जुळली म्हणून उत्तर बरोबर असं कधीच म्हणता येत नाही. ½, २, π, sin, cos यांच्या सगळ्या चुका या चाळणीतून आरामात खाली पडतात. सूत्र चुकीचं निवडलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा हाच प्रकार असतो, कारण मूल वेगाच्या जागी वेगाचंच दुसरं सूत्र घेतं.

दुसरी चाळणी म्हणजे उत्तर शक्य वाटतं का हे पाहणं. ४४.७ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी सुमारे १६१ किलोमीटर. पुण्याच्या रस्त्यावर ताशी ८० ने धावणाऱ्या एसटीच्या दुप्पट. शेंगाचटणीच्या पाव किलोच्या पुड्याहून हलका ठोकळा, पाच सेंटीमीटरच्या ढकलीने, खडबडीत जमिनीवर अर्धा किलोमीटर जातो, म्हणजे पार्क स्टेडियम ओलांडून बाहेर रस्त्यावर. हे ऐकल्यावर कुठलंही मूल स्वतःच नाही म्हणेल. पण ४.४७ म्हणजे ताशी १६ किलोमीटर आणि ३.१६ म्हणजे ताशी सव्वाअकरा-साडेअकरा. दोन्ही सायकलचे वेग. अंदाजाला यातलं खरं कुठलं हे सांगता येणार नाही. ही चाळणी दहापट-शंभरपट चुका पकडते, दीडपट-दुप्पट चुका पकडत नाही.

म्हणून तिसरी चाळणी लागते, आणि या गणितात तीच कामाची आहे. मुलाचं उत्तर वेगळ्या नियमात घालून पाहायचं. त्याच्या मते v² = २०, म्हणजे गतिज ऊर्जा अर्धा गुणिले ०.२ गुणिले २०, म्हणजे २ ज्यूल. स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा १ ज्यूल. जादा १ ज्यूल आला कुठून? हा प्रश्न मुलाला विचारा आणि गप्प बसा. तुम्ही उत्तर दिलंत तर तो मान हलवून पुढे जाईल. त्याला स्वतःला अडू द्या.

सेंटीमीटरच्या चुकीकडे पुन्हा एकदा जाऊ, कारण ती सुधारली असली तरी समजून घेतली गेलेली नाही. दुसऱ्या ओळीत त्याने ०.०५ लिहिलंय. म्हणजे सेंटीमीटरचं मीटर करणं त्याला येतं. मग दोनच ओळींनंतर ५ का? वही नीट पाहिली तर दोन कारणं दिसतात. पहिलं, दिलेल्या गोष्टींच्या यादीत त्याने ग्रॅमचं किलोग्रॅम करून ठेवलं, पण x = ५ सेंमी तसंच ठेवलं. रूपांतर केलं ते सूत्रात आकडा भरता भरता, त्या ओळीपुरतं. s ची किंमत हवी झाली तेव्हा तो परत यादीकडे गेला आणि तिथून ५ उचलला. दुसरं, स्प्रिंगच्या सूत्रात अक्षर x आहे आणि गतीच्या सूत्रात s. ही दोन्ही एकच लांबी आहे हे त्याने कुठेही लिहिलेलं नाही. `s = x = 0.05 m` एवढी ओळ असती तर चूक झालीच नसती. म्हणजे जिला आपण एककाची चूक म्हणतो, तिच्या मुळाशी वगळलेली पायरीच आहे.

इथे नुसतं "एकक बघ" असा शेरा मारून उपयोग नाही. त्याला दोन गोष्टी नेमक्या सांगा. यादीतच सगळं मूळ एककात आणायचं आणि नंतर सेंटीमीटरचा आकडा वहीत दिसायलाच नको. आणि सूत्रात आकडा भरताना त्याच्यासोबत एककही भरायचं. त्याच्या वहीत त्वरण नुसतं "२००" आहे, पुढे काहीच नाही. त्याने `2 × 200 m/s² × 5 cm` असं लिहिलं असतं तर तो सेंमी ताटातल्या खड्यासारखा टोचला असता. एकक फक्त शेवटच्या उत्तराला चिकटवायची सवय असली की ते एकक गणितातून आलेलं नसतं, आठवणीतून आलेलं असतं. "वेग काढायचाय, म्हणजे मी/से" असं. त्याच्या v पुढचं मी/से असंच आलंय. खरं तर चौथ्या ओळीतून जे निघतं त्याचं एकक मी/से नाहीच.

हेही सांगून ठेवतो की सेंटीमीटर म्हणजे चूकच असं मुलांना वाटू देऊ नका. हाच स्थिरांक ८ न्यूटन प्रति सेंमी असा दिला तर ८ गुणिले ५ सेंमी बरोबर ४० न्यूटनच. अडचण होते ती एकाच ओळीत दोन मापं मिसळली की.

आता शेवटच्या तीन ओळी. तुम्ही त्यांच्याबद्दल काही विचारलेलं नाही, पण वही तपासताना मी तिथे सर्वांत जास्त वेळ थांबलो असतो. सहाव्या ओळीत तो `f = μmg` लिहितो आणि लगेच `a = μg`. दोन्ही या गणितापुरतं बरोबर आहे. पण मधे तीन पायऱ्या गाळल्या आहेत. घर्षण असतं `μN`. N आणि mg सारखे आहेत ते पृष्ठभाग आडवा असल्यामुळे आणि उभ्या दिशेने दुसरं कुठलंही बल नसल्यामुळे. आडव्या दिशेने घर्षण हे एकच बल आहे, म्हणून `ma = μmg`, आणि मग m दोन्हीकडून जातो. मुलाला हे माहीत असून त्याने गाळलं, की `a = μg` त्याने पाठच केलंय? वहीवरून कळत नाही. हे कळण्यासाठी त्याला पृष्ठभाग ३० अंशांनी कललेला देऊन पाहा. तिथे N = mg cos θ होतो. ज्याने पाठ केलंय तो तिथेही `μg` लिहील.

आणि सातवी ओळ. `0 = 2000 + 2 × 2 × s`. यातून s किती येतो? उणे ५००. वहीत मात्र ५०० आहे. उणे चिन्ह कुठे गेलं? मुलाला उणे आलेलं दिसलं, अंतर उणे नसतं हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने ते मुकाट्याने पुसलं. खाली उजवीकडे खाडाखोड आहे का ते एकदा बघा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा असते.

ही चूक उत्तराचा आकडा बदलत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पण मला सगळ्या वहीत हीच जास्त काळजीची वाटते. घर्षण गतीच्या उलट दिशेने आहे, म्हणून a = −२ मी/से². हे लिहिलं की s आपोआप धन येतो. मुलाने दिशेचा विचार केला नाही, गणिताने त्याला उणे चिन्हाने इशारा दिला आणि त्याने तो इशाराच पुसला. आज अंतर बरोबर आलं. उद्या वर फेकलेल्या चेंडूचं गणित येईल, तिथे उणे चिन्हालाच अर्थ असतो, आणि तिथेही तो ते पुसेल. म्हणून अशा ठिकाणी मी बरोबरची खूण करत नाही. उणे कुठे नाहीसं झालं त्या जागी रिकामी चौकट काढतो आणि तिथे काय होतं ते मुलाला भरायला लावतो.

गुण देताना मात्र अन्याय करू नका. दुसऱ्या भागात त्याने स्वतःच्या चुकीच्या वेगावरून पुढे नेलंय. पहिल्या भागाची चूक दुसऱ्या भागात पुन्हा कापायची नाही. सूत्र बरोबर निवडलं, त्वरण बरोबर काढलं, याचे गुण त्याचे आहेत. चिन्हाचा तेवढा कमी.

आता तुमच्या इतर मुलांच्या वह्यांबद्दल, कारण हेच गणित सात-आठ जणांना दिलं असेल तर आणखी दोन प्रकार तुम्हाला भेटतील.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी उत्तर आधी बघायचो. जुळलं की बरोबरची खूण, नाही जुळलं की शोधाशोध. एकदा अशाच गणितात एका मुलीचा वेग ३.१६ आला होता. मी खूण करून पुढे गेलो. दुसऱ्या भागात तिचं उत्तर ५ मीटर आलं, म्हणून परत वर आलो, आणि तेव्हा दिसलं की तिने सूत्र `v² = u² + as` असं लिहिलंय. २ विसरली होती. २०० गुणिले ०.०५, बरोबर १०. म्हणजे बदलत्या बलाला सारखं धरण्याची तुमच्या मुलाची चूक तिनेही केली होती. त्या चुकीने v² दुप्पट व्हायचा, आणि विसरलेल्या २ ने तो पुन्हा निम्मा केला. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि वर माझी बरोबरची खूण. दुसऱ्या भागात तेच मोडकं सूत्र, पण तिथे त्वरण खरोखर सारखं असल्यामुळे खायला दुसरी चूक नव्हती, म्हणून अंतर दुप्पट झालं.

तुमच्या मुलाचंही अंतर एकक सुधारल्यावर ५ मीटर, तिचंही ५ मीटर. शेवटची ओळ अगदी सारखी. पण त्याला सूत्र पाठ आहे आणि ते कुठे लावायचं हे माहीत नाही, तर तिला सूत्रच नीट पाठ नाही आणि ते कुठे लावायचं हेही माहीत नाही. दोघांना एकच शेरा देऊन चालणार नाही. त्या दिवसापासून मी वही तपासताना शेवटचं उत्तर पोस्टकार्डाने झाकतो आणि सगळ्या ओळी वाचून झाल्यावरच कार्ड उचलतो. हे तुम्हीही करून बघा.

दुसरा प्रकार हुशार मुलांचा. एखादा लिहील: सरासरी बल २० न्यूटन, त्वरण १००, `v² = 2 × 100 × 0.05 = 10`, वेग ३.१६. याला काय द्यायचं? बल अंतरासोबत एकसारखं घटतंय, म्हणून ४० आणि ० ची सरासरी २०, हे त्याने शब्दांत लिहिलं असेल तर पूर्ण गुण द्या. हा तोच त्रिकोण आहे, वेगळ्या तोंडाने. पण नुसतं २० लिहिलं असेल तर जवळ बोलावून एक प्रश्न विचारा: ठोकळ्याला स्प्रिंगपासून सुटायला किती वेळ लागला?

बहुतेक मुलं ३.१६ भागिले १०० करून ०.०३१६ सेकंद सांगतात. ते चूक आहे. खरा वेळ सरल आवर्त गतीच्या आवर्तकालाच्या चौथ्या भागाइतका:

```
t = (π/2) × √(m/k) = 1.571 × 0.0158 ≈ 0.0248 s
```

असं का होतं? २० न्यूटन ही अंतरावर घेतलेली सरासरी आहे. कार्य काढताना बलाला अंतराने गुणतात, म्हणून वेगासाठी ती चालली. वेळ काढायचा तर वेळेवर घेतलेली सरासरी हवी, आणि ती वेगळी असते. ठोकळा सुरुवातीला हळू असतो, त्यामुळे जास्त वेळ तो मोठ्या बलाखालीच काढतो. म्हणून वेळेवरची सरासरी २० हून जास्त येते. ०.२ गुणिले ३.१६ हा संवेग ०.०२४८ ने भागा, साडेपंचवीसच्या जवळ येईल. अकरावीच्या मुलाला हे गणित करता यायला हवं असं नाही. पण "सरासरी" हा शब्द आला की "कशावर घेतलेली सरासरी?" हे विचारण्याची सवय तुम्ही आत्ता लावलीत तर बारावीत त्याचं काम हलकं होईल.

तर हातात वही घेतल्यावर प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. आधी गणित स्वतः वाचून समासात दोन शब्द लिहा: इथे बल सारखं आहे की बदलतंय. या गणितात पहिल्या भागासमोर "बदलतं", दुसऱ्यासमोर "सारखं". मुलाची वही उघडण्याआधी हे लिहिलेलं असलं की चौथ्या ओळीवर नजर आपोआप अडते. मग उत्तर झाकून एकेक ओळ वाचा, आणि प्रत्येक बरोबरच्या चिन्हापाशी स्वतःला विचारा की ही ओळ वरच्या ओळीतूनच निघते का, की मधे काहीतरी मुलाच्या डोक्यात राहिलंय. सूत्र नव्याने आलं की त्याची अट विचारा. एकक नसलेल्या आकड्याला गोल करा. चुकीच्या सूत्रावर फुली मारू नका, कारण ते सूत्र चुकीचं नाही. त्याच्या बाजूला लिहा: "हे कधी चालतं?"

तुमच्या मुलाच्या वहीत मी चारच गोष्टी लिहिल्या असत्या. x = ५ सेंमी भोवती गोल. चौथ्या ओळीशी "हे कधी चालतं? इथे a सारखं आहे का?" सातव्या ओळीखाली रिकामी चौकट. आणि पान संपल्यावर "तुझ्या ठोकळ्याकडे २ ज्यूल आहेत, स्प्रिंगमध्ये १ होता." बरोबर सोडवणूक लिहून द्यायची नाही. ती त्याने दुसऱ्या दिवशी लिहून आणायची.

त्याने लिहून आणली की त्याला समजलंय की उतरवलंय हे बघायला हेच गणित एका बदलाने द्या: आता स्प्रिंगखालचा पृष्ठभागही खडबडीत, घर्षणांक तोच ०.२. स्प्रिंगचा १ ज्यूल, त्यातून ०.४ न्यूटन घर्षणाने पाच सेंटीमीटरभर खाल्लेले ०.०२ ज्यूल वजा, उरले ०.९८. म्हणून v² = ९.८ आणि वेग ३.१३ मी/से. सुटल्यानंतरचं अंतर ०.९८ भागिले ०.४, म्हणजे २.४५ मीटर. हुशार मूल हेही बघेल की स्प्रिंगखालचे पाच सेंटीमीटर मिळवले की पुन्हा २.५ मीटरच होतात, आणि तसं का हे स्वतःच सांगेल. उत्तर ३.१६ आलं तर त्याने मागचं गणित उतरवलंय. ४.४५ च्या आसपास आलं तर तो अजून ४० न्यूटनलाच चिकटून आहे. तेव्हा गलोल काढा.